हो ताई, चालेल

भाद्रपदातल्या गौरी तारीख बघून येत नाहीत आणि वार बघूनही येत नाहीत, त्या नक्षत्रावर येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे पूजन कधी रविवारी येतं तर कधी ऐन मंगळवारी, आणि नोकरी करणाऱ्या बाईला त्यासाठी रजा काढावी लागते. हे मला ठाऊक होतं. तरीही दोन वर्षांपूर्वी, आषाढ संपता संपता, मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, की आईला आता एवढं उभं राहवत नाही, तर यंदापासून गौरी धाकट्या भावाकडे बसवूया.

मिनिटभरात भावजयीचं उत्तर आलं. ‘हो ताई, चालेल.’ पुढे जोडलेले हात.

मला भरून आलं. मग मी लिहीत गेले. पूजनाला सोळा भाज्यांचा नैवेद्य आईच्या पद्धतीनेच होऊ दे. ‘हो ताई.’ पुरण बाहेरून नको, घरीच घालूया. ‘चालेल.’ सवाष्ण जेवायला बोलावूया, संध्याकाळी हळदीकुंकू. ‘हो, जमवते मी.’ प्रत्येक उत्तर मिनिटाच्या आत, प्रत्येकापुढे तेच जोडलेले हात. त्याच रात्री मी आईला फोन करून सांगितलं, की सगळं ठरलं. आईने दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मुखवट्यांचा डबा काढून घेतला आणि मुखवटे मऊ फडक्याने पुसून ठेवले.

गौरींना तीन आठवडे उरले असताना भावाचा फोन आला. ‘ताई, तू तिला काही बोलू नकोस, पण तिला रजा मिळत नाहीये. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून पुरण घालायचं, असं तिने मनाशी ठरवलंय. मी काही म्हणालो की म्हणते, ताईंना हो म्हणून बसलेय ना.’

फोन ठेवल्यावर मी ते सगळे निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचले. त्यात रजेचा कुठे उल्लेख नव्हता, थकव्याचा नव्हता, नाराजीची एक रेघ नव्हती. पण तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट दिसली. तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. सवाष्णी किती, हे विचारलं नव्हतं. सोळा भाज्या कोणत्या, हेही नाही. आमच्याकडे आवाहनाच्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी लागते. तिच्या माहेरी गौरी नाहीत, म्हणजे हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी तिने विचारलं नव्हतं. जिला खरंच गौरी बसवायच्या आहेत तिला आधी आरास कुठे करायची हा प्रश्न पडतो. साड्या कोणत्या नेसवायच्या, उभ्याच्या गौरींना स्टँड कुठून आणायचे, हे मनात येतं. योजना मनात शिरली की ती आपोआप तपशील मागू लागते. माझी योजना तिच्या दारातच थांबली होती, आणि ‘चालेल’ म्हणून तिने दार हळूच लोटून घेतलं होतं.

मी फार पूर्वी अनिता पोमेरांट्झ या अमेरिकी अभ्यासक बाईंचा एक लेख वाचला होता, 1984 सालचा. माणसं बोलताना सहमती आणि असहमती कशी दाखवतात, हे त्यांनी रोजच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतून तपासलं होतं. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली. खरी सहमती बहुधा समोरच्याच्या शब्दाच्या एक पायरी वर चढते. ‘आमटी छान झालीये’ म्हटलं तर मनापासून पटलेला माणूस ‘छान काय, फक्कड झालीये’ म्हणतो. जो तेवढंच परत म्हणतो, ‘हो, छान आहे’, किंवा अर्धी पायरी खाली उतरून ‘हो, बरी आहे’ म्हणतो, त्याच्या मागोमाग पुष्कळदा ‘पण’ येतो. म्हणजे पहिला होकार हा नकाराला बसायला दिलेला पाट असतो.

समोरासमोर हा ‘पण’ ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण तो यायच्या आधी थोडी शांतता येते. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. दहा भाषांमधली संभाषणं मोजून 2009 साली हे प्रसिद्ध झालं. त्यात असंही दिसलं, की होकार लवकर येतो आणि नकाराला उशीर होतो. हा उशीर आपला कान टिपतो. ‘येशील ना रविवारी?’ असं विचारल्यावर ‘हो’ यायला एक सेकंद जरी लागला, तरी आपणच घाईने म्हणतो, ‘नसेल जमत तर राहू दे हं.’

फोनच्या पडद्यावर नेमका हा कान निकामी होतो. तिथला उशीर कुकरच्या शिट्टीचा असू शकतो, लोकलमधल्या गर्दीचा असू शकतो, काहीच नसण्याचाही असू शकतो. आणि झटपट आलेला होकार, जो समोरासमोर मनापासूनचा वाटला असता, तो इथे उलट्या कारणानेही येतो. 2014 पासून व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसू लागल्या. निरोप वाचला गेला हे पाठवणाऱ्याला कळतं. सासरे, दीर, नणंद, चुलत सासूबाई अशा बारा जणांच्या ग्रुपवर नणंदेचा निरोप वाचून धाकट्या सुनेने तासभर उत्तर दिलं नाही, तर त्या तासाचे अर्थ लावले जातात. ते टाळायचा सोपा मार्ग म्हणजे ताबडतोब ‘हो’ म्हणणं. विचार नंतर करता येतो, आणि रात्री दोनपर्यंत जागताही येतं. त्या मिनिटाच्या आतल्या उत्तरांत मला उत्साह दिसला होता. खरं तर त्यांतून घरातली आमची जागा दिसत होती, तिची आणि माझी.

मराठीचे शब्दही मी नीट ऐकले नव्हते. ‘चालेल’चा कर्ता बोलणारी बाई नसते, योजना असते. योजना चालेल, तिला कुणी अडवणार नाही, एवढंच त्यात येतं. ‘मला आवडेल’ म्हणताना बाईला स्वतः वाक्यात यावं लागतं. आणि ‘जमेल’ आणि ‘जमवते’ यांत तर केवढं अंतर आहे. ‘जमेल’ म्हणजे दिवसात तेवढी जागा आहे. ‘जमवते’ म्हणजे जागा नाही, पण झोपेतून, जेवणातून, रजेतून कुठून तरी ती काढीन. तिने मला ‘जमवते मी’ असं स्वच्छ लिहून कळवलं होतं.

पण नुसत्या शब्दांवर विसंबणंही बरोबर नाही, हे मी लगेच स्वतःला बजावलं. आमचे बाबा आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला फक्त ‘बरं’ म्हणत आले, आणि त्यांचं ‘बरं’ पक्कं असतं. ‘बरं’ म्हटलं की ते संध्याकाळी पिशवी घेऊन निघालेले असतात. काही माणसं लिहितातच त्रोटक. म्हणून एका निरोपावरून कुणाचं मन वाचू नये, त्या माणसाचा मनापासूनचा होकार कसा असतो ते आधी शोधावं. मी भावजयीशी माझं वेगळं, दोघींचंच बोलणं उघडलं आणि मागे मागे गेले. मार्चमध्ये मी तिला हातमागाच्या साड्यांच्या प्रदर्शनाला बोलावलं होतं. तिने अकरा निरोप पाठवले होते! ‘किती वाजता उघडतं? पार्किंग आहे का? इरकल असेल ना? येताना मिसळ खाऊया.’ दोन दिवसांनी, मी काही न विचारता, तिने पुन्हा विषय काढला होता, ‘ताई, शनिवारचं नक्की ना?’ ही तिच्या होकाराची खरी चाल होती. गौरींचा विषय तेवढ्या दिवसांत तिने एकदाही आपणहून काढला नव्हता. मला आजवर सापडलेली सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे: पटलेल्या गोष्टीकडे माणूस न बोलावता परत येतो.

मग मी काय विचारणार होते? ‘तुला खरंच चालेल ना?’ असं विचारलं असतं तर ‘हो ताई, खरंच’ असं मिनिटाच्या आत आलं असतं. ज्या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर आहे, तो कितीदाही विचारला तरी तेच उत्तर येतं. तिच्या मनाविरुद्धचं काही खोटंच सुचवून ती त्यालाही हो म्हणते का ते पाहावं, असा विचार क्षणभर आला. तो मी झटकला, कारण माणसाला असं पारखून घेतल्यावर त्याच्याशी मोकळेपणाने बोलायची आपली लायकी उरत नाही.

मी ग्रुपवर नाही, दोघींच्या बोलण्यात लिहिलं, आणि नकाराची वाट आधी मीच चालून दाखवली. ‘अगं, पूजन कामाच्या दिवशी येतंय हे मी बघितलंच नव्हतं. मला दोन गोष्टी सुचतात. गौरी माझ्याकडे बसवायच्या आणि तू संध्याकाळी यायचं. किंवा तुझ्याकडेच, पण पाच भाज्या, पुरणपोळ्या विकतच्या, आणि सवाष्ण माझ्याकडून. यांतलं तुला कोणतं जड जाईल? आज उत्तर नको. रविवारपर्यंत सांग.’ ‘कोणतं आवडेल’ असं मी मुद्दाम विचारलं नाही. आवडीचा प्रश्न आला की ती माझी आवड शोधत बसली असती. काय जड जाईल याचं उत्तर मात्र तिलाच ठाऊक होतं. आणि दोन्हींत माझी तयारी आधीच लिहिलेली असल्यामुळे कुठलंही उत्तर दिलं तरी मला नाही म्हटल्यासारखं होणार नव्हतं.

निळ्या खुणा उमटल्या. ‘टायपिंग’ दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. रात्री काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, लांब निरोप आला. ‘ताई, खरं सांगू का’ अशी त्याची सुरुवात होती. रजा नाही हे त्यात होतं, पण ते मुख्य नव्हतं. आईंच्या हातची चव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्याच वर्षी पुरण बिघडलं तर बायका काय म्हणतील, याची तिला धास्ती होती. गौरी घरी याव्यात असं तिला वाटत होतं, फार वाटत होतं, पण त्या आईंच्या गौरी म्हणून परीक्षेसारख्या यायला नको होत्या. तिने दिलेल्या होकारात ही तिची इच्छाही दबून गेली होती, हे मला तेव्हा कळलं. वरवरच्या होकाराखाली दरवेळी नकारच असतो असं नाही. कधी तिथे वेगळाच, आपला आपला होकार असतो आणि त्याला कुणी जागा दिलेली नसते.

त्या निरोपात जोडलेले हात नव्हते.

गौरी तिच्याकडेच बसल्या. पाच भाज्या झाल्या, पुरणपोळ्या कोपऱ्यावरच्या काकूंकडून आल्या, आईने खुर्चीत बसून मुखवट्यांना काजळ घातलं. यंदा श्रावणात, मी ग्रुपवर काही लिहायच्या आधीच, एका सकाळी तिचा निरोप आला: ‘आवाहन गुरुवारी आहे का हो? शेपूची भाजी मी करते, ती आता येते मला. पण आंबील तुम्ही करा ताई, ती माझ्याच्याने होणार नाही.’