फुफीची वही आणि माझं ॲप

मिरज तालुक्यातल्या एका गावात माझ्या फुफीचं किराणा दुकान आहे. फुफाजी गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. घरात आम्ही दखनी बोलतो, गल्ल्यावर बसली की फुफी मराठी बोलते. सारं गाव तिला भाभी म्हणतं. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि गोल. उधारीच्या वहीत प्रत्येक घराला एक पान.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मागच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून तिच्यासाठी बिलिंगचं ॲप बनवलं. मराठीत, मोठ्या अक्षरांचं, नेट नसलं तरी चालणारं. पहिला दिवस शुक्रवार ठरला, बरकतीचा म्हणून. आदल्या रात्री फुफी झोपल्यावर तिची वही घेऊन बसलो आणि सगळी जुनी बाकी ॲपमध्ये भरली. रात्रीचा एक वाजला. फार मोठं काम केलं, असं वाटत होतं.

सकाळी साडेसहाला दुकान उघडलं. त्या वेळची गिऱ्हाइकं म्हणजे चहाची घाई असलेली माणसं आणि मुठीत नाणी धरलेली पोरं. पहिलीच पोरगी म्हणाली, "भाभी, धाची साखर द्या."

फुफीनं फोन हातात घेतला. साखर निवडली. ॲपनं विचारलं, वजन किती? फुफीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "थांब, हिशेब करतो. ४४ रुपये किलो, म्हणजे १० रुपयांना २२७ ग्रॅम."

"दोनशे," फुफी म्हणाली आणि पुडी बांधून दिलीसुद्धा.

मला वाटलं, तिचा हिशेब चुकतोय. गर्दी ओसरल्यावर तिनं समजावलं. किलोनं नेणाऱ्याला ४४चा दर. दहाची मागितली तर २०० ग्रॅम, म्हणजे ५० रुपये किलो. ५० किलोचं पोतं सांगलीच्या गणपती पेठेतून २१०० रुपयांना येतं. सगळं किलोनं गेलं तर २२०० हातात येतात, शंभर रुपये सुटतात. सगळं दहा-दहाचं गेलं तर अडीचशे पुड्या होतात, २५०० येतात. त्यातून पिशव्या, सांडलवंड आणि पोत्याच्या तळाची तूट जाते. उरतं त्यावर दुकान चालतं. माझ्या ॲपमध्ये एका जिनसाला एकच दर होता. त्या दरानं दिवसभर सुटी साखर विकली असती, तर प्रत्येक पुडीमागं तिचा एक रुपया वीस पैसे गेला असता आणि ॲपनं हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं असतं.

मी म्हणालो, "मग गरिबालाच महाग पडते की, फुफी."

"पडते," ती म्हणाली. "म्हणून तर माझ्या उधारीला व्याज नाही."

यावर मला पुढं बोलता आलं नाही.

साखरेचं एक झालं. दुसरी अडचण रांगेची होती. प्रत्येक विक्रीचं बिल झाल्याशिवाय माझं ॲप पुढं सरकत नव्हतं. दोन रुपयांची काडेपेटी असो नाहीतर बिस्किटाचा पुडा, जिन्नस शोधा, नग टाका, नाव टाका, जतन करा. पाऊण मिनीट जायचं. तेवढ्यात फुफी एरवी चार गिऱ्हाइकं वाटेला लावते. साडेसातला दुकानासमोर अकरा माणसं उभी होती. शेतावर निघालेला एक जण म्हणाला, "भाभी, आज काय जनगणना हाय का?" सगळे हसले. फुफीनं फोन तागडीच्या मागं ठेवला आणि नेहमीसारखा माल द्यायला लागली. रोख विक्री तिनं कधीच लिहिली नव्हती. पैसे गल्ल्यात, माल पिशवीत, व्यवहार संपला.

कायद्यानंही तिला ते लिहिणं भाग नाही. मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनाही २०० रुपयांखालच्या किरकोळ विक्रीचं, गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर, दिवसाचं मिळून एकच बिल करायची मुभा आहे. मी ॲप बनवताना मॉलमधला काउंटर डोळ्यापुढं ठेवला होता. तिथं बिल लागतं कारण मालक तिथं नसतो, नोकरानं किती विकलं हे त्याला कळायला हवं असतं. इथं मालकीण स्वतः गल्ल्यावर बसलेली.

उधारी मात्र फुफी फोनवर घ्यायला तयार झाली. तिथं माझं यंत्र चांगलं चाललं. नाव काढा, रक्कम टाका, जुनी बाकी आपोआप मिळवली जायची. शिवाय नोंद जतन झाली की त्या घराच्या मोबाइलवर फोनच्या सिमवरूनच संदेश जायचा. याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. गिऱ्हाइकाला बाकी कळेल, वाद होणार नाहीत.

आठच्या सुमारास एका घरचा मुलगा ६० रुपयांचा माल उधारीवर घेऊन गेला. संदेश गेला. आम्ही विसरून गेलो.

असरनंतर त्याचे वडील आले. शांत माणूस. फोन पुढं करून म्हणाले, "भाभी, हे बघा बरं. मी आपलं साडेसहाशेच्या आसपास धरून होतो." संदेशात लिहिलं होतं, आजची उधारी ६०, एकूण बाकी १०२५.

फुफीनं वही काढली, त्यांचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. "तुमच्या पानावर ५८० होते दादा. आजचे ६०. सहाशे चाळीस. बघा तुम्हीच."

"मग हे?"

"पोरानं रात्री वही उतरवताना दोन पानं एकत्र केली. मशीन नवीन, पोरगं पण नवीन."

ते हसले, माझ्याकडं बघून मान हलवली आणि गेले. मी फुफीला विचारणार होतो की दुसरं पान कुणाचं. तिच्या चेहऱ्याकडं बघून गप्प बसलो.

रात्री जेवणानंतर तिनं वही उलटी धरली. शेवटच्या पानांवर काही नावं होती. नावं कसली, खुणा होत्या. एका पानावर लहान फूल काढलेलं आणि खाली त्याच घराच्या आळीचं नाव. मी ती खूण पाहून तेच घर समजलो होतो आणि तिथले ३८५ रुपये घराच्या बाकीत मिळवले होते. ते त्या माणसाच्या बायकोचं पान होतं. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मजुरीतून आठवड्याला वीस-तीस रुपये फुफीला आणून देते आणि फुफी त्या पानावर वजा करते.

"घेती काय उधारीवर?" मी विचारलं.

"मैं पूछी नइ," फुफी म्हणाली. "तू बी नको पूछ."

मागच्या बाजूला अशी नऊ पानं होती. नऊपैकी सहा बायकांची. त्यांतल्या एकीकडंही स्वतःचा मोबाइल नव्हता. माझ्या ॲपमध्ये गिऱ्हाईक म्हणजे मोबाइल नंबर, आणि नंबर घराचा, म्हणजे घरातल्या पुरुषाचा. फुफीच्या वहीत गिऱ्हाईक म्हणजे परत करीन असा शब्द देणारं माणूस. एका घरात असे दोन शब्द असू शकतात, हे मला सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी समोरचा माणूस संतापी असता, किंवा फुफीच्या तोंडून एक नाव निसटलं असतं, तर त्या बाईला घरात काय उत्तर द्यावं लागलं असतं, ते मला रात्रभर आठवत राहिलं.

मग सूरह बकरामधली २८२वी आयत काढून वाचली. कुरआनमधली ती सगळ्यात लांब आयत आणि ती आहे उधारीच्या हिशेबाबद्दल. लहानपणापासून ऐकली होती, पण त्या रात्री दुकानदाराच्या नजरेनं वाचली. मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा, लहान असो की मोठं, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. आणि तिथल्या तिथं हातोहात होणारा व्यवहार लिहिला नाही तरी दोष नाही, असंही सांगते. मी नेमकं उलटं केलं होतं. रोखीच्या काडेपेटीला बिलाची सक्ती केली होती आणि उधारी शेवटच्या पडद्यावर ढकलली होती.

त्या आयतीत आणखी एक गोष्ट आहे. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्यानं, ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्यानं. लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे लिहायचं. मला एकदम फुफीची सवय आठवली. उधारी लिहिताना ती पेन धरून विचारते, "सांग बाई, काय काय नेलंस?" समोरची बाई एकेक जिन्नस सांगते, फुफी लिहिते, मग बेरीज वाचून दाखवते. मला तो वेळखाऊपणा वाटायचा. पण ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय त्याच्याशी महिन्यानंतर वाद होत नाही. माझा संदेश हेच काम करण्यासाठी होता. फक्त तो चुकीच्या माणसाला सांगत होता आणि माणूस समोर नसताना सांगत होता.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आत ॲप कापून काढलं. रोखीचं बिल गेलं, त्या जागी गल्ल्याची रक्कम रात्री एकदाच टाकायची सोय केली. साखर, तेल, चहापूड अशा सुट्या जिनसांना दोन दर दिले, एक किलोचा आणि एक पुडीचा, आणि विचारायची सुरुवात वजनाऐवजी रुपयांपासून केली. उधारी पहिल्या पडद्यावर आणली. तिथं मोबाइल नंबराची जागाच ठेवली नाही, फुफी जे नाव किंवा खूण देईल तीच ओळख. संदेश बंद केला. त्याऐवजी बेरीज मोठ्या आकड्यात दिसते आणि फुफी ती वाचून दाखवते.

फुफीनं आठ दिवस ॲप आणि वही दोन्ही चालवली. आठव्या दिवशी बेरजा जुळल्या. तेव्हापासून पुढची पानं फोनमध्ये गेली आहेत. मागची नऊ अजून वहीतच आहेत.

"हा फोन माझ्या मागं कोण कोण हातात घेईल, मला काय ठाऊक?" ती म्हणाली. वही तिच्या गादीखाली असते. मीही पुन्हा मागितली नाही.