हजार खुणांची चौकट

भूजल व्यवस्थापनाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरत होते. माहितीचे सगळे रकाने भरून झाले आणि शेवटी एसओपीची चौकट आली. हा अभ्यासक्रम का करायचा आहे ते मराठीत लिहा, मर्यादा १००० कॅरेक्टर. माझा मजकूर वहीत तयार होता, दीड पान. तो टाइप करून चौकटीत डकवला, तर निम्म्यावरच तुटला. पुढचं सगळं गाळलं गेलं होतं, आणि तशी सूचनाही कुठे नव्हती.

आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाला एक वाटत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, या सगळ्यांची तो वेगळी मोजणी करतो. ‘विद्यार्थी’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, चौकटीत तो दहा जागा घेतो. शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते. त्यामुळे हजार कॅरेक्टर म्हणजे मराठीत जेमतेम दीडशे शब्द.

एवढ्या जागेत काय ठेवायचं, हे ठरवायला मी एकेक वाक्य मोजायला घेतलं. पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासूनच मला पाणी या विषयाची अतिशय आवड आहे.’ पूर्णविरामासकट ४८. त्याच्या जागी लिहिलं, ‘दर महिन्याला मी गावातल्या विहिरींची पातळी मोजते.’ तेही ४८च! पहिलं वाक्य कुणाच्याही अर्जात चाललं असतं. दुसऱ्यातून मी काय करते, कुठे आणि किती नियमाने, हे तिन्ही कळतं. मग कसोटी सापडली: जे वाक्य दुसऱ्या अर्जदाराच्या नावावरही खपेल, ते काढायचं. संस्थेचं कौतुक गेलं, ‘समाजासाठी काहीतरी’ गेलं. त्यातून जागा झाली ती माझ्या खऱ्या प्रश्नाला. आमच्या गावात वरच्या आळीतली विहीर फेब्रुवारीत आटते आणि ओढ्याकाठची मे महिन्यापर्यंत टिकते. खालचा कातळ तोच, तरी असं का? काळ्या कातळात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठतं, एवढं वाचून कळलं होतं. पण आमच्या गावाखालचे थर वाचायला मला शिकायचं होतं. एसओपीचा अर्धा भाग मी या प्रश्नालाच दिला. पदवी आणि गुण अर्जात आधीच असल्यामुळे त्यांचा उल्लेखही केला नाही.

शेवटी मोजणी ९७० वर थांबवली. हे मुद्दाम. काही अर्जांमध्ये नवी ओळ पडद्यावर एक मोजली जाते आणि पाठवताना दोन होते. मग काठोकाठ भरलेला मजकूर नाकारला जातो. म्हणून परिच्छेदही पाडले नाहीत, सलग लिहिलं.

तुम्ही असा अर्ज भरत असाल तर मजकूर बाहेर लिहून ठेवा, मगच डकवा, आणि ‘सबमिट’ दाबण्याआधी चौकटीतलं शेवटचं वाक्य पूर्ण आलंय का ते वाचा. कापला जातो तो नेहमी शेवट.