चित्र काढलं, आकडे राहिले

जळगावच्या मेहरूणमधल्या घरातून मी सराफ बाजारातल्या दोन-तीन दुकानांच्या वेबसाइटचं काम बघतो. दर महिन्याला त्यांना एक अहवाल जातो आणि त्यात गूगल अॅनालिटिक्सच्या पडद्याचा फोटो असतो. मे महिन्यात एका शेठजींनी तो फोटो काढून टाकायला सांगितला. अहवाल त्यांच्या भागीदारांकडे जाणार होता आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात खात्याचा इमेल दिसत होता. मागणी रास्त होती. पण फोटो गेल्यावर खाली एवढंच उरलं : "वर दिसते त्याप्रमाणे १४ टक्के वाढ." वर काहीच दिसत नव्हतं.

मग फोटोतलं सगळं टाइप करायचं. काम कारकुनी वाटतं, पण टक्क्यापासून सुरुवात केली की फसतं. मी आधी तारखा लिहितो. पडद्यावर Last 30 days असं असतं, ते तसंच उतरवलं तर आठवड्याभराने वाचणाऱ्याचे तीस दिवस वेगळे होतात. म्हणून १ ते ३० एप्रिल २०२५ असं लिहायचं आणि लगेच पुढे तुलना कशाशी तेही : १ ते ३० एप्रिल २०२४. फोटोत ही दुसरी तारीख बारीक अक्षरात असते, त्यामुळे हमखास तीच सुटते.

नंतर मोजमापाचं नाव, पडद्यावर असेल तसंच. Active users, Total users आणि Sessions या तिन्हींना बोलताना आपण "एवढे लोक आले" म्हणतो, पण एकच माणूस सकाळी नि रात्री आला तर Sessions दोन होतात. शेठजींच्या फोटोत Sessions होतं. भागीदारांनी ती गिऱ्हाइकांची डोकी समजली असती.

आता आकडे. गिऱ्हाइकाचे खरे इथे देत नाही, बदलून सांगतो. कार्डावर 1.3K होतं आणि शेजारी हिरवा बाण, १४.० टक्के. मागच्या वर्षीचा आकडा गोल करून 1.1K. भागीदारांपैकी कुणी कॅल्क्युलेटर काढला तर १३०० आणि ११०० वरून १८.२ टक्के निघतात आणि अहवालावरचा विश्वास तिथेच उडतो. खोटं कुणीच नसतं. टक्का पूर्ण आकड्यांवरून काढलेला असतो, फक्त कार्डावरचे आकडे गोल केलेले. म्हणून कार्ड सोडून खालच्या तक्त्यातून घ्यायचं : १,११८ वरून १,२७४. टक्क्याची दोन्ही टोकं लिहिली की वाचणारा पडताळून बघू शकतो.

तारखा शब्दात लिहिल्या म्हणूनच एक गोष्ट डोळ्यात भरली. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मेला. म्हणजे एका एप्रिलमध्ये सोनेखरेदीचा मुहूर्त आहे, दुसऱ्यात नाही. गूगलला इंग्रजी तारीख कळते, तिथी कळत नाही. जळगावच्या सराफाला मात्र तिथीच कळते. मी Custom निवडून दोन्हीकडे तृतीयेला संपणारे अठ्ठावीस दिवस घेतले : ३ ते ३० एप्रिल २०२५ आणि १३ एप्रिल ते १० मे २०२४. आता १,२६८ वरून १,२१० आले. वाढ कसली, ४.६ टक्के घट! शेठजी फोनवर क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "दोन्ही लिहा भाऊ, पण तिथीवालं वर लिहा."

घट लिहिताना वजाच्या चिन्हावर मी भरवसा ठेवत नाही. फोटोत लाल बाण असतो. मजकुरात उरते एक बारीक रेघ, आणि ओळीच्या सुरुवातीला रेघ नि मोकळी जागा आली की व्हॉट्सअॅप तिची यादीची खूण करून टाकतं. त्यामुळे सरळ "घटले" लिहितो. Engagement rate सारखं मोजमाप मुळातच टक्क्यांत असतं, तिथे आणखी जपावं लागतं. ते ४८ टक्क्यांवरून ५४ वर गेलं तर बाणाशेजारी १२.५ टक्के येतात, कारण सहा हे अठ्ठेचाळीसचे साडेबारा टक्के. नुसतं "१२.५ टक्के वाढ" वाचणारा माणूस अठ्ठेचाळीसमध्ये साडेबारा मिळवून साडेसाठ समजणार. इथेही दोन्ही टोकं लिहिली की प्रश्न उरत नाही.

एवढं करूनही रोजचे चढउतार दाखवणारी रेघ टाइप होत नाही. १,२१० भेटी महिनाभर सारख्या आल्या की शेवटच्या दोन दिवसांत उसळल्या, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी एक ओळ वेगळी टाकतो : सर्वाधिक भेटींचा दिवस कोणता आणि त्या दिवशी किती. भागीदारांचा पहिला फोन त्या ओळीवरूनच आला. तृतीयेच्या आदल्या दिवशी घडणावळीवरच्या सवलतीची जाहिरात कुणी दिली होती, हे त्यांना विचारायचं होतं.