जिभेवरचा गारवा

मे महिन्यात नोएडाची दुपार कधी कधी पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. बाहेर लू वाहते आणि बाल्कनीची जाळी हात लावू देत नाही. आमची मनी अशा वेळी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकवते आणि चाटू लागते. आधी पंजा ओला करून तोंड पुसते, मग खांदा, मग कुशी, मग मागचा पाय आकाशाकडे ताणून मांडी. ती हात चाटते तेव्हा जीभ कातडीवर खरखरते. ती खरखर कशाची, हे समजल्यापासून मला तिचं हे काम बघत बसावंसं वाटतं.

मांजराच्या जिभेच्या मधल्या भागावर सुमारे २९० काटे असतात. आपल्या नखांच्याच द्रव्याचे, साधारण दोन मिलिमीटर लांब आणि सगळे घशाच्या दिशेला वळलेले. ते भरीव सुळके आहेत असंच बराच काळ मानलं जाई. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी ते बारकाईने तपासले, तेव्हा प्रत्येक काट्याच्या टोकाला एक उघडी खोबण निघाली. २०१८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पाळीव मांजरापासून सिंहापर्यंत सहा जातींच्या जिभा त्यांनी पाहिल्या, सगळ्यांच्या काट्यांना ही खोबण होती. तोंडातली लाळ तिच्यात आपोआप चढते, आणि काटा केसांत शिरला की केसांवर उतरते.

जीभ बाहेर आली की रुंद होते, ताणली जाते आणि काटे उभे राहतात. मग ती केसांतून ओढली जाते. वरचे राठ केस दबतात आणि काट्याची टोकं खालच्या मऊ लवेपर्यंत, कातडीजवळ पोहोचतात. जिभेचा सपाट पृष्ठभाग फक्त वरचे केस भिजवू शकला असता; खोबणीतली लाळ थोडीच, पण ती नेमकी आत पोहोचते. गळलेला केस काट्यांत अडकतो, आणि काटे मागे वळलेले असल्याने तो घशाकडेच सरकतो. म्हणून मांजर केस गिळतं आणि कधीतरी केसांचा ओला गोळा ओकतं.

मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगभर केस असताना घामाने थंड होणं त्याच्या वाट्याला आलेलं नाही, ते काम केसांत सोडलेली लाळ करते. ती वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. मांजराला उन्हाळ्यात जो गारवा लागतो, त्यातला चौथ्या हिस्स्यापर्यंत असा मिळू शकतो, असा त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. इथे अनेक घरांत खसचा कूलर असतो, त्याचं गणित हेच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो आणि जुलैत, हवा ओलीचिंब झाली की, नुसता चिकट वारा देतो. तेव्हा मनीची लाळही हळू वाळते. ती चाटते तितकीच, पण गारवा कमी मिळतो. म्हणून पावसाळ्यातल्या उकाड्यात मी तिच्यासाठी पंखा चालू ठेवते आणि पाण्याची वाटी वरचेवर बदलते.

समोरच्या घरात पर्शियन मांजर आहे. जीभ तशीच, पण केस इतके लांब आणि दाट की दाबले तरी काटे कातडीपर्यंत जात नाहीत. तिचं चाटणं वरवर राहतं. आत काखेत, कानामागे, पोटाखाली जटा होतात, त्या कातडी ओढतात आणि खाली हवा खेळत नाही. अशा मांजराला रोज विंचरावंच लागतं. आणि कुठलंही मांजर गरमीत तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर चाटण्यावर भिस्त ठेवू नये; त्याला सावलीत न्यावं, अंगाला साध्या पाण्याचा ओला हात लावावा आणि तडक डॉक्टर गाठावा.

थंडीत, डिसेंबरच्या धुक्यातही मनी चाटतेच, तेव्हा गारव्याची गरज नसते. दिवाळीत फटाका वाजला की पलंगाखाली पळते आणि थोड्या वेळाने खांदा चाटायला घेते. उडी चुकून कपाटावरून घसरली तरी तेच. थांबावं की पळावं यात अडकलेला जीव ओळखीच्या कामाकडे वळतो. ही ओळख जन्मापासूनची. पिल्लाचा जन्म झाल्याबरोबर आईची जीभ त्याच्यावर फिरते. तिच्या चाटण्याशिवाय सुरुवातीला त्याला लघवीसुद्धा होत नाही. या स्पर्शाशी त्याची पहिली ऊब बांधलेली असते. मोठेपणी तो स्पर्श स्वतःच स्वतःला देणं त्याला शांत करत असावं, असं मला वाटतं.

मात्र चाटणं थांबेनासं झालं, पोटावर किंवा मांड्यांच्या आत केस तुटके, विरळ दिसू लागले, तर लगेच 'ताण आला असेल' म्हणू नये. असं मानसिक कारण धरलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी झाली, तेव्हा १६ मांजरांच्या मागे निव्वळ शारीरिक व्याधी निघाली, बहुतेक अंगाची खाज. आधी पिसवा, ॲलर्जी आणि त्वचा तपासून घ्यावी, मग घरातली नवी माणसं, हललेलं सामान आणि बंद दारं यांचा विचार करावा.