फाइलीवरचा लाल शेरा

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. मग न्यूमोकोकस हा जंतू रक्तात शिरला, तर मूल काही तासांत दगावू शकते. म्हणून वयाच्या पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन द्यायचे असते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एवढ्या उपायाने हे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. त्यामुळे अशा मुलाच्या फाइलीवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असा लाल शेरा दिसला, की तो खरा आहे का, हे मी आधी पाहतो.

धडगावकडची चार वर्षांची एक मुलगी आठवते. आई पावरी बोलणारी, म्हणून आशाताईंना मध्ये घेऊन विचारत गेलो. दीड वर्षाची असताना तापासाठी तिला ॲमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले होते. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ आले. खाज नव्हती, ओठ सुजले नाहीत, दम लागला नाही, दोन दिवसांत सगळे मावळले.

जिवावर बेतणारी ॲलर्जी बहुधा डोसनंतर तासाभरात दिसते: खाजऱ्या गांधी उठतात, चेहरा सुजतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. चौथ्या दिवशीचे गोवरासारखे पुरळ लहान मुलांत बहुतेक वेळा विषाणूचे असते. ताप त्याचा, पुरळही त्याचेच, नाव मात्र औषधाचे होते. कुणाला जुलाब झाले, कुणाला इंजेक्शनच्या भीतीने घेरी आली, तरी हाच शेरा बसतो. असा शेरा असलेल्या शंभर जणांची नीट तपासणी केली, तर नव्वदहून अधिक जणांना पेनिसिलिन सोसते. खरी ॲलर्जी असली तरी दहा वर्षांत ती बहुतेकांची ओसरते.

त्या मुलीला रुग्णालयातच, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून, ॲमॉक्सिसिलिन पाजले. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले औषध आधी अर्धा मिलिलिटर दिले. अर्ध्या तासाने काहीच झाले नाही, तेव्हा उरलेले साडेचार. पुढे दोन तास नाडी, श्वास आणि कातडी पाहत राहिलो. घरी गेल्यावर पुरळ उठले तर कळवा, असे आशाताईंना सांगून ठेवले. काही उठले नाही. तिचे रोजचे पेनिसिलिन सुरू झाले; उद्या न्यूमोनिया झाला तर ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिनही वापरता येतील, राखीव महागड्या औषधांकडे धावावे लागणार नाही.

ही चाचणी सर्वांसाठी नाही. औषधाने कातडी सोलवटली, तोंडात फोड आले किंवा यकृत-मूत्रपिंडाला इजा झाली असेल, तर ते औषध पुन्हा देऊन पाहायचे नाही. आधी धाप लागली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तज्ज्ञांकडेच जावे.

घरी कुणाच्या कागदावर असा शेरा असेल, तर कोणते औषध, कितव्या दिवशी, नेमके काय झाले, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. घरी स्वतः गोळी देऊन मात्र पाहू नका. आणि शेरा खोटा ठरला, तर प्रत्येक कागदावरून तो खोडून, तारीख आणि सही घालून घ्या. नाहीतर पुढचा डॉक्टर जुना कागद पाहून तो पुन्हा लिहितो.