काळी पाचवी

हार्बर लाईनवर कॉटन ग्रीनला उतरलं की कापूस बाजाराची जुनी, भारदस्त इमारत दिसते. हा बाजार आधी कोटातल्या मैदानात भरायचा, १८४४ साली कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात इकडे आला. इथून गोदामांच्या रस्त्याने शिवडीच्या किल्ल्यावर गेलो. १६८० सालचा हा इंग्रजांचा किल्ला छोटाच आहे. एका सुभेदाराच्या हाताखाली पन्नासेक शिपाई आणि आठ-दहा तोफा, एवढीच इथली शिबंदी असायची. तटावर उभं राहिलं की खाली खाडीचा चिखल आणि रोहित पक्षी.

मुंबईच्या अशाच देशी शिपायांतून १७६८च्या सुमारास पलटणी उभ्या राहिल्या. त्यातली एक पुढे मुंबई फौजेची पाचवी पलटण झाली. तिच्या लाल कोटाची कॉलर आणि मनगटपट्टी काळी होती, म्हणून ती ‘काळी पाचवी’. परेड मैदानावर एकाच लाल रंगाच्या गर्दीत आपली पलटण ओळखायची ती याच काळ्या पट्टीवरून.

१८४० साली याच पलटणीचे दीडशेच्या आसपास शिपाई कॅप्टन ब्राऊनबरोबर बलुचिस्तानातल्या काहान किल्ल्यात अडकले. मे ते सप्टेंबर त्यांनी तिथल्या मरी टोळ्यांचा वेढा सोसला. मदतीला निघालेली फौज वाटेतल्या घाटातच मागे रेटली गेली. शेवटी बोलणी झाली, किल्ला सोडला, पण सुखरूप वाट मिळवून. सरळ विजय म्हणता येणार नाही, तरी पुढच्याच वर्षी पलटणीला ‘लाईट इन्फन्ट्री’चा मान मिळाला. लाईट इन्फन्ट्रीची खूण म्हणजे बिगूल, आणि चालही इतरांपेक्षा जलद. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर आजही बिगूल आहे.

सरकारी आकडे मात्र टिकले नाहीत. १९०३ साली ‘पाच’चे ‘एकशे पाच’ झाले, १९२२च्या फेररचनेत पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि पुढे रेजिमेंटच्या नावातला पाचही गेला. आज कागदोपत्री ती ‘२ मराठा’ आहे. शिपाई काळी पाचवीच म्हणतात. आकडा वरून आला की बदलतो, टोपणनाव मात्र बराकीत नव्या रंगरूटाला जुने लोक सांगतात आणि तो पुढच्याला सांगतो.

हुद्द्याच्या फितींचं काम वेगळं. दंडावर एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. त्या फक्त कोणाचा हुकूम ऐकायचा ते दाखवतात. हवालदार बदलला तरी फिती त्याच राहतात. काळी पट्टी आणि काहानची गोष्ट मात्र दुसऱ्या पलटणीला उसनी देता येत नाही.

किल्ल्यावरून उतरताना गिरणगावच्या चाळींकडे नजर गेली. या चाळी भरल्या त्या कोकण-साताऱ्याच्या माणसांनी, आणि मराठा रेजिमेंटची भरतीही बरीचशी त्याच गावांतली. एकाच घरातला एक भाऊ गिरणीत आणि एक पलटणीत, हे इथे नवलाचं नव्हतं. गिरण्या बंद पडल्या. पलटणीत गेलेल्या भावाच्या नातवाला आजही २ मराठात भरती होता येतं, आणि झाला तर तोही स्वतःला काळी पाचवीचाच म्हणवून घेईल.