वीस हजार लिटरची टाकी आणि चवदार तळे

घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत पाऊस मोजताना आकडे हजारांत येतात. साधारण पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक. तरीही याच तालुक्यातल्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हंड्यांची रांग लागते. तालुक्यात दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशी धरणे आहेत. १९१६ साली पुरे झालेल्या दारणेचे पाणी खाली गोदावरीच्या कालव्यांना जाते आणि वैतरणेचे मुंबईला. अशा गावी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला ‘न्याय’ आणि ‘स्वातंत्र्य’ शिकवायचे, तर आरंभ रॉल्सपासून करण्याचे कारण नाही. टाकीपासून करता येतो.

त्या वर्गावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने तेच केले. फळ्यावर एक गोल काढून तिने लिहिले : टाकी, २०,००० लिटर, दिवसातून एकदा भरते, १०० घरे, ५०० माणसे. पाणी कसे वाटायचे?

पहिले उत्तर सरळ आले : प्रत्येक घराला २०० लिटर. तिने गणित पुढे नेले. ज्या घरात आठ माणसे आहेत, तिथे माणशी २५ लिटर येतात; जिथे एकटी म्हातारी राहते, तिथे तिला एकटीला २००. मग माणशी वाटा काढला, तो ४० लिटर आला. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सरकारी योजना अनेक वर्षे हाच आकडा धरून चालत. आज ५५ धरतात. आठ माणसांच्या घराला आता ३२० लिटर मिळाले आणि वर्ग समाधान पावला. समानता म्हणजे समान वाटा, हे मान्य झाले. पण समान कोणाचा, घराचा की माणसाचा, याचा निर्णय न्यायाची कल्पना करते, हंडा नव्हे.

मग तिने गोलाखाली दोन ओळी वाढवल्या. टाकीची जागा एका शेतकऱ्याने दिली. खड्डा खणण्याचे आणि दगड वाहण्याचे काम भूमिहीनांच्या वाडीने मजुरी न घेता केले.

वर्ग दुभंगला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला : “मॅडम, ज्याची जमीन त्याचा हक्क जास्त. उद्या त्याने जागा काढून घेतली तर?” शेजारच्या वाडीतून रोज बसने येणारी मुलगी म्हणाली, “आणि ज्यांनी खणली त्यांचे काय? जमीन आधीपासून होतीच, टाकी नव्हती.” तिने लॉकचे नावही ऐकले नव्हते, पण श्रमातून मालकी उत्पन्न होते, हा त्याचाच युक्तिवाद होता. लॉकने त्याला एक अट जोडली होती : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. मालमत्तेच्या हक्काचा विसाव्या शतकातला कडवा पुरस्कर्ता रॉबर्ट नोझिक याने १९७४च्या आपल्या ग्रंथात या अटीसाठी पाण्याचेच उदाहरण घेतले आहे. वाळवंटातले एकमेव पाणवठे ज्याच्या हाती आहे, त्याला मनाला येईल ती किंमत लावता येणार नाही, असे तो सांगतो. ज्याचे सगळे तत्त्वज्ञान ‘माझे ते माझे’ या वाक्यावर उभे, त्यालाही पाण्यापाशी थांबावे लागले.

जॉन रॉल्सचा मार्ग निराळा. त्याच्या १९७१च्या ग्रंथातला प्रश्न तिने टाकीच्या भाषेत विचारला : आपण जमीन देणारे आहोत, खणणारे आहोत की एकटी म्हातारी, हे माहीत नसताना नियम ठरवायचा आहे, कोणता ठरवाल? चर्चा तिथे पुष्कळ रंगली. ती इथे सांगण्याचे कारण नाही, कारण तासाचे खरे वळण त्यानंतर आले.

तिने फळ्यावरचे सगळे आकडे पुसले, फक्त गोल ठेवला. “समजा, पाणी भरपूर आहे. सगळ्यांना पुरून उरते. तरी एका वाडीने टाकीला हात लावायचा नाही, असे बाकीच्या गावाचे म्हणणे आहे. आता?” वाटणीचे गणित संपले होते. आता चार-पाच एकरांचे एक खरे तळे समोर आले : महाडचे चवदार तळे.

या कथेतले सत्याग्रहाचे चित्र सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा ठरावांचा आणि खटल्याचा इतिहास मात्र क्वचित वाचला जातो आणि न्याय व स्वातंत्र्य यांची खरी झटापट तिथेच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने त्या धोरणाला अनुसरून तळे खुले केले. कागदावर बंदी उठली. तळ्यात ओंजळ मात्र कोणाची पडली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने जाऊन ते पाणी प्यायले. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले आणि नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

इथे एका विद्यार्थ्याने हात वर केला. १९२४ ते १९२७ या काळात कायद्याची आडकाठी नव्हती, म्हणजे अस्पृश्यांना नकारात्मक स्वातंत्र्य होते आणि उणीव होती ती सकारात्मक स्वातंत्र्याची. बर्लिनची विभागणी अशीच लागते ना? उत्तर चुकीचे होते, पण फार उपयोगी पद्धतीने चुकीचे. आयझाया बर्लिनने १९५८च्या व्याख्यानात नकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे इतर माणसांनी हस्तक्षेप न करणे असे सांगितले. फक्त सरकारने नव्हे. लाठी पोलिसाची असो वा शेजाऱ्याची, मार्ग अडतोच. महाडला उणीव होती ती अगदी साध्या, नकारात्मक स्वातंत्र्याची. ठरावाने अडथळा काढल्याचे जाहीर केले, एवढेच.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. (तारखेचा हा योगायोग असेल, पण इतिहासाला असे योगायोग करण्याची खोड आहे.) डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी आंबेडकर आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे, असे न्यायालयाने जाहीर करावे आणि प्रतिवादींना मनाई करावी, ही मागणी होती. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाणे मात्र स्थगित ठेवले गेले.

वर्गाला हे रुचले नाही. हजारो लोक जमलेले असताना एका हुकुमासाठी थांबायचे? प्राध्यापिकेने इथे निर्णय सांगितला नाही. एक विसंगती दाखवली. वादींचे म्हणणेही स्वातंत्र्याच्याच भाषेत होते : आमचे तळे, आमची वहिवाट, कोणाला येऊ द्यायचे ते आम्ही ठरवू. वगळण्याचा हक्क हा मालकीचा गाभाच असतो. म्हणजे एका बाजूला वगळण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूला पाण्यापर्यंत जाण्याचे स्वातंत्र्य. यांपैकी कोणते खरे, हे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द स्वतः सांगू शकत नाही. आंबेडकरांनी डिसेंबरच्या भाषणात हे ओळखले होते. चवदार तळ्याचे पाणी प्यायलो नाही तर आपण मरू असे नाही. आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जायचे आहे, असा त्यांचा आशय होता, आणि त्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तहानेचा युक्तिवाद त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. टाकीच्या गणितात माणशी ४० लिटर पोचवले की प्रश्न सुटतो. अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर खणून दिली असती, तर ४० लिटर पोचलेच असते.

खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८मध्ये उठला. १९३१मध्ये दावा फेटाळला गेला, १९३३मध्ये ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. तळे नगरपालिकेचे होते, म्हणून मालकीचा मुद्दा टिकला नाही. उरली ती प्रथा : अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी कालापासून आहे का? न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी म्हटले की तशी अनादी प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही. दावा संपला.

प्राध्यापिकेने त्या निकालातला एक भाग मुद्दाम सावकाश समजावून दिला. प्रथा सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे न्यायालयाने नोंदवले आहे. आणि ज्या नगरपालिकेची मालमत्ता, तिलाच पक्षकार न करता दाद मागता येते का, हेही पाहावे लागले असते. पण प्रथाच सिद्ध न झाल्याने हे प्रश्न उघडे राहिले. आंबेडकर जिंकले ते पुराव्याच्या मुद्द्यावर.

“म्हणजे मॅडम, प्रथा पुरेशी जुनी निघाली असती तर?” वाडीतून येणाऱ्या त्याच मुलीने विचारले.

वर्ग काही क्षण गप्प होता. मग तिने संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढायला लावला. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत आणि अट आहे ती त्यांचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून होण्याची, अथवा त्या जागा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेल्या असण्याची. बोले ठरावातला सार्वजनिक पैसा इथे पुन्हा भेटतो. आता प्रथेचे वय कोणी विचारत नाही, कारण सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली आहे. विचारले जाते ते पाणवठ्याबद्दल : तो कोणाच्या पैशाने उभा आहे, कोणासाठी दिला आहे?

तास संपला तेव्हा जमिनीच्या मालकाची बाजू घेणारा मुलगा फळ्यापाशी आला. गोलाखालच्या दोन ओळी पुसल्या गेल्या होत्या. त्याने खडू घेऊन पहिली पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे जोडले : जागा दान दिली की वापरायला दिली?